विंचूदंशावरचे पेपर वाढत चाललेत. कोणता कुठून आला याचा माग कसा ठेवता?

पालवी

नमस्कार मंडळी. मी कम्युनिटी मेडिसिनची रेसिडेंट आहे. प्रबंधासाठी तांबड्या विंचवाच्या दंशावरच्या उपचारांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करतेय. मुख्य प्रश्न असा: नुसतं प्राझोसिन द्यायचं, की त्यासोबत अँटिव्हेनमही? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम अर्थातच मध्यभागी आहे. 2011 साली बीएमजेत आलेली त्यांची चाचणी नेमकी याच प्रश्नावर आहे.

पबमेडवर मी हे टाकलं होतं:

```
(scorpion*[tiab] OR "Mesobuthus tamulus"[tiab] OR "Buthus tamulus"[tiab])
AND (prazosin[tiab] OR antivenom*[tiab] OR antivenin*[tiab])
```

मग स्कोपस. मग पेपर वाचता वाचता त्यांच्या संदर्भयादीतून अजून पेपर घेतले, त्यातून अजून. सगळं झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये आहे, पण एकाच ढिगात. आता गाइड मॅडम प्रत्येक पेपरवर बोट ठेवून विचारतात, "हा कुठल्या सर्चमधून आला?" आणि कुठून किती पेपर आले, किती गळले हे दाखवणाऱ्या प्रिस्माच्या आकृतीत तर प्रत्येक चौकोनात आकडा लागतो. तुम्ही लोक हे कसं सांभाळता? की सगळं पुसून पहिल्यापासून करू?

मनी_माऊ

आमच्या विद्यापीठाला एपीए लागतं. ऑनलाइन सायटेशन जनरेटर आहेत की, लिंक टाकली की संदर्भ तयार. एवढा ताण कशाला घेतेस गं?

पालवी

मनी, संदर्भ लिहायचा कसा हा प्रश्नच नाहीये गं. माझ्या हातात तो पेपर आला कुठून, हे दाखवायचंय.

रिकामटेकडा

मी आयटीवाला, पण बायकोच्या पीएचडीमुळे यातलं बरंच कळतं. सोपा उपाय सांगतो. गूगल स्कॉलरवर बीएमजेचा तो पेपर काढ आणि खालच्या Cited by वर टिचकी मार. पुढचे सगळे पेपर एका जागी. स्कॉलरमध्ये स्कोपसपेक्षा जास्तच सापडतं, त्यामुळे बाकीच्या डेटाबेसची गरज नाही. आणि झोटेरोचं अख्खं फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये ठेव म्हणजे बॅकअपही झाला. फुकटात 300 एमबीच मिळतात त्यांच्याकडे, पीडीएफना पुरत नाहीत.

ओंजळ

पालवी, मी एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. हा प्रश्न दर वर्षी निदान चार-पाच जण घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काहीही पुसू नकोस. ढीग आहे तसाच ठेव, त्यातूनच माग काढता येतो.

झोटेरोचं कलेक्शन म्हणजे संगणकावरचं फोल्डर नव्हे. एकच नोंद एकाच वेळी पाच कलेक्शनमध्ये राहू शकते, आणि तिच्या पाच प्रती होत नाहीत. त्यामुळे कलेक्शन विषयवार न करता स्रोतवार कर. एक पबमेडचं, एक स्कोपसचं, आणि संदर्भयादीतून काढलेल्या प्रत्येक मूळ पेपरचं वेगळं. नावात तारीख घाल. विषय, उपचारगट, वगळण्याचं कारण हे सगळं टॅगमध्ये जाऊ दे.

आता तुझा ढीग. पबमेडवर तोच सर्च जसाच्या तसा पुन्हा चालव, फक्त नोंद तयार झाल्याच्या तारखेची अट जोड, म्हणजे तू पहिल्यांदा शोधलंस त्यानंतर आलेले पेपर यात घुसणार नाहीत. ही अट अशी लिहितात, तारीख तुझी घाल:

```
AND 1800:2025/03/15[crdt]
```

निकाल .nbib फाइलमध्ये उतरव, फाइलला `01_pubmed_2025-03-15` असं नाव दे आणि झोटेरोत आयात कर. आयात करताना नवं कलेक्शन करायचा पर्याय असतो, आणि त्या कलेक्शनला फाइलचंच नाव मिळतं. म्हणून नाव आधीच नीट द्यायचं. स्कोपसचंही तसंच. उतरवलेल्या मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि त्यांना पुन्हा हात लावू नकोस. उद्या कुणी शंका काढली तर तोच तुझा पुरावा.

या टप्प्यावर लायब्ररीत दुप्पट नोंदी दिसतील. घाबरू नकोस. आता `Duplicate Items` मध्ये जाऊन जुनी आणि नवी नोंद मर्ज कर. मर्ज झालेली नोंद दोन्हींच्या सगळ्या कलेक्शनमध्ये राहते. तुझे टॅग, टिपा, जोडलेल्या पीडीएफही तिच्याकडे येतात. म्हणजे तुझ्या ढिगातल्या ज्या नोंदी पबमेडमधून आल्या होत्या, त्यांच्यावर आपोआप पबमेडचा शिक्का बसतो.

हे संपलं की `Unfiled Items` उघड. तिथे उरतील त्या नोंदी कुठल्याच डेटाबेस सर्चमध्ये नव्हत्या. तू हाताने आणलेले पेपर बहुतेक तेच. मॅडम ज्यांच्यावर बोट ठेवतात तेही त्यातलेच असणार.

एक पथ्य पाळ. डुप्लिकेट दिसली तर डिलीट करू नकोस, मर्जच कर. वर्डच्या फाइलमध्ये तो संदर्भ आधीच घातला असेल, तर मर्जनंतरही दुवा टिकतो. डिलीट केलीस तर तुटतो.

ओंजळ

रिकामटेकडा, तुमचं एक अर्ध बरोबर आहे. स्कॉलरमध्ये जास्त सापडतं, हे खरं. प्रबंध, छोटी मासिकं, कुठेतरी टाकलेल्या पीडीएफ हे तिथेच दिसतं. पण तिथला निकाल एकगठ्ठा उतरवता येत नाही. पानापानाने घ्यावा लागतो आणि मध्येच तुम्ही यंत्रमानव आहात का म्हणून विचारणा सुरू होते. कुठल्याही शोधात हजाराच्या पुढचे निकाल तो दाखवत नाही. आज पाहिलेली यादी पुढच्या महिन्यात तशीच दिसेल याची हमी नाही. शेवटी काही राहिलं का ते तपासायला स्कॉलर उत्तम, पण मुख्य हिशेब त्याच्यावर ठेवू नये.

आणि झोटेरोचं डेटा फोल्डर ड्राइव्हमध्ये ठेवायला झोटेरोवालेच स्पष्ट मनाई करतात. आत `zotero.sqlite` नावाची एकच फाइल असते, सगळ्या नोंदी तिच्यात. प्रोग्रॅम ती लिहीत असताना ड्राइव्ह तिची अर्धवट प्रत उचलतो आणि लायब्ररी बिघडू शकते. फक्त पीडीएफ ड्राइव्हमध्ये ठेवून लायब्ररीतून त्यांना नुसता दुवा दिला तर चालतं. बॅकअप घ्यायचा तर प्रोग्रॅम बंद करून फोल्डरची झिप करा.

रिकामटेकडा

आमच्याकडे तर ड्राइव्हवर व्यवस्थित चाललंय बुवा इतके दिवस. असो, एकाच मशीनवरून वापरतो म्हणूनही असेल.

श्टुटगार्टकर

मी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करतो. आमच्याकडे या मागोव्याला स्नोबॉलिंग म्हणतात. वोहलिन यांच्या 2014 च्या पेपरातली पद्धत बरेच जण वापरतात. आधी मोजक्या पेपरांचा आरंभसंच ठरवायचा. मग प्रत्येकाची संदर्भयादी पाहायची, म्हणजे मागे जायचं. मग त्याला कुणी उद्धृत केलं ते पाहायचं, म्हणजे पुढे यायचं. जे नवे पेपर निकषात बसतील त्यांच्यावर पुन्हा तेच. एका फेरीत नवं काहीच बसलं नाही की थांबायचं.

माझ्या मते पालवीने डेटाबेस सर्च सोडून फक्त हेच करावं. विषय इतका नेमका आहे, लिहिणारे लोकही थोडे आहेत आणि ते एकमेकांना उद्धृत करतातच.

ओंजळ

वैद्यकात फक्त तेवढ्यावर कुणी ऐकणार नाही, आणि त्याला कारण आहे. लोक एकमेकांना उद्धृत करतात ते गटागटाने. बावस्करांच्या पेपरांवरून निघालात तर प्राझोसिनवाल्यांचं वर्तुळ पूर्ण मिळेल. पण अँटिव्हेनमच्या बाजूने लिहिणारा एखादा गट त्यांना उद्धृतच करत नसेल, तर तो कधीच दिसणार नाही. तुमचा आरंभसंच जिकडे कललेला, निकालही तिकडेच कलणार. म्हणून आधी डेटाबेस, मग माग.

उलट बाजूही सांगते, म्हणजे पालवीला माग का हवा ते कळेल. पालवी, तुझ्या सर्चमध्ये `[tiab]` आहे, म्हणजे शीर्षक आणि सारांश. जुनी पत्रं, टिपणं, केस रिपोर्ट यांना पबमेडमध्ये बहुतेकदा सारांशच नसतो. शीर्षकात विंचू असतो पण प्राझोसिन नसतं. तुझ्या AND मुळे ते सगळे बाहेर पडतात. 1980 च्या दशकात हा विषय बराचसा अशाच छोट्या लेखनातून पुढे आला, त्यामुळे तुझं नुकसान जास्त. शिवाय या विंचवाला आता बरेच जण `Hottentotta tamulus` म्हणतात. तुझ्या सर्चमध्ये `scorpion*` असल्यामुळे बहुतेक ठिकाणी निभावेल, पण नाव जोडून टाक.

पालवी

ओंजळताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन दिवस बसून मर्ज केलं. `Unfiled Items` मध्ये खरंच मूठभर नोंदी उरल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा विनासारांश पत्रं आहेत! आता त्यांना कलेक्शन कोणतं देऊ? कुठल्या पेपरच्या यादीतून घेतल्या ते आठवत नाही.

ओंजळ

आठवू नकोस, पुन्हा काढ. बीएमजेच्या पेपरवरच करून दाखवते.

त्याचा डीओआय आहे `10.1136/bmj.c7136`. आधी मागे जाऊ. संदर्भयादी समोर ठेव आणि त्यातला प्रत्येक संदर्भ आणायचा, तुझ्याकडे आधीच असला तरी. इथेच बहुतेक जण फक्त नवे घेतात आणि माग तुटतो. झोटेरोत जादूच्या कांडीचं चिन्ह आहे, त्यात डीओआय किंवा पबमेडचे क्रमांक एकदम पेस्ट करता येतात. आधी `10_मागे_बीएमजे2011` असं कलेक्शन निवडून ठेव म्हणजे सगळे त्यातच पडतील. आधी असलेला पेपर झोटेरो अडवत नाही, दुसरी नोंद करतो. ते आपल्याला हवंच आहे. नंतर मर्ज केलंस की त्या पेपरवर दोन शिक्के बसतात, पबमेड आणि बीएमजेची यादी.

मग पुढे ये. स्कोपस आहे तर तिथून यादी उतरव. नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स आहे, 2022 पासून चालू आहे आणि त्याचा डेटा खुला आहे. ब्राउझरमध्ये हे टाक:

```
https://api.openalex.org/works/doi:10.1136/bmj.c7136
```

उत्तरात W ने सुरू होणारा एक क्रमांक येईल. तो पुढच्या ओळीत W च्या जागी घातलास की या पेपरला उद्धृत करणारे मिळतात, एका पानावर शंभर; त्याहून जास्त असले तर शेवटी `&page=2`, `&page=3` असं लावत जा:

```
https://api.openalex.org/works?filter=cites:W&per-page=100
```

त्यांचे डीओआय उचल आणि `11_पुढे_बीएमजे2011` मध्ये टाक.

यादी पुरी आहे का, हे कळायला एक चाचणी कर. 2014 साली आर्काइव्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूडमध्ये मुलांवरची चाचणी आली, हीच तुलना. ती पुढच्या यादीत दिसायलाच हवी. दिसली नाही तर तो स्रोत अपुरा समज आणि दुसरा लाव. असे दोन-तीन ओळखीचे पेपर आधीच ठरवून ठेवलेले बरे.

मागे जाताना तुझी खरी अडचण जापीची होईल, म्हणजे जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाची. या विषयातलं बरंचसं भारतीय लेखन तिथे आहे आणि जुन्या अंकांतल्या लेखांना डीओआय नाही. बरीच यंत्रं डीओआयवर जुळवाजुळव करतात, त्यामुळे यंत्राने काढलेल्या यादीतून नेमके हेच गळतात. म्हणून छापील यादीतले संदर्भ मोज, यंत्राने दिलेले मोज, आणि फरक पडला तर उरलेले पबमेडवर शीर्षकाने शोधून त्यांचा क्रमांक टाक. तिथेही नसले तर हाताने नोंद कर.

मर्ज करताना यादी पाहत जा. झोटेरो शीर्षक, डीओआय, आयएसबीएन पाहतो. ते जुळलं किंवा नसलंच, तर वर्षात फार तर एकाचा फरक आणि निदान एक लेखक समान पाहतो. इथे एकाच दोघा लेखकांची आखूड, सारखी शीर्षकं आहेत, वेगवेगळ्या मासिकांत. त्यातली दोन जवळजवळच्या वर्षांतली असली तर खोटी डुप्लिकेट दिसू शकते. मासिक आणि पृष्ठक्रमांक पाहिल्याशिवाय बटण दाबू नकोस. आणि एक नोंद मासिकातला लेख, दुसरी परिषदेतला पेपर अशी असेल तर प्रकार सारखा केल्याशिवाय मर्ज होतच नाही.

पालवी

आणि आकडे? मर्ज केल्यावर आधीचा आकडा जातो ना?

ओंजळ

एकाच स्रोतात आतल्या आत डुप्लिकेट असल्या तरच कमी होतो. म्हणून आयात झाल्या झाल्या आकडा लिहून ठेव. बाकी हिशेब सोपा. समजा पबमेडच्या कलेक्शनमध्ये 212 आणि स्कोपसच्या 318 होत्या, बेरीज 530. दोन्ही एका मोठ्या कलेक्शनच्या पोटात ठेव, View मधून पोटकलेक्शनमधल्या नोंदी दाखवायला सांग, आणि मोठ्यावर टिचकी मार. मर्जनंतर तिथे 371 दिसल्या तर 159 डुप्लिकेट गेल्या. प्रिस्माचा तो चौकोन झाला.

एखादी नोंद कुठकुठल्या कलेक्शनमध्ये आहे हे तिच्यावर उभं राहून विंडोजमध्ये Ctrl दाबून ठेवलं की दिसतं, ती कलेक्शनं रंगतात. मॅडमनी बोट ठेवलं की हे करून दाखव.

बखरवाचक

मध्येच घुसतो, माफ करा. माझं मराठ्यांच्या इतिहासावर काम आहे आणि वरचं सगळं वाचून हेवा वाटला. आमच्याकडे डीओआय सोडा, तळटीपेत नुसतं 'भा. इ. सं. मं. त्रैमासिक' आणि वर्ष. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 चं, अंकही तसेच जुने. शिवाय राजवाडे एकदा देवनागरीत नोंदले, एकदा इंग्रजी पुस्तकाच्या यादीतून रोमनमध्ये आले. झोटेरोला ते दोन वेगळे गृहस्थ वाटतात. पुढे येणं तर अशक्यच, मराठी ग्रंथांना कोण उद्धृत करतं याची सूची आहेच कुठे?

ओंजळ

लिपीचं सॉफ्टवेअरकडून होणार नाही, तुम्हालाच नियम करावा लागेल. माझ्याकडचे एक वाचक मूळ ज्या लिपीत छापलंय तीच ठेवतात आणि दुसऱ्या लिपीतलं नाव `Extra` मध्ये लिहितात, म्हणजे शोधलं की दोन्हीकडून सापडतं. तळटीपेवरून माग काढलात तर नोंदीला टीप जोडा: कुठल्या ग्रंथाच्या कुठल्या पानाच्या कितव्या तळटीपेतून. आणि तो ग्रंथ Related मध्ये जोडा.

पुढे येण्यासाठी शोधगंगेवरच्या प्रबंधांत ग्रंथाचं नाव शोधा. ते अपुरंच आहे. मलाही याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

श्टुटगार्टकर

शोधगंगेवर बऱ्याच जुन्या पीडीएफ नुसती स्कॅन केलेली चित्रं असतात ना? त्यात मराठी शब्द सापडायचे कसे?

बखरवाचक

नाहीच सापडत. शेवटच्या संदर्भग्रंथसूचीचं प्रकरण तेवढं उतरवून डोळ्यांनी पाहतो.

पालवी

आता माझा शेवटचा गोंधळ. बीएमजेच्या यादीतले 2 आणि पुढच्या यादीतला 1 पेपर निकषात बसला. त्या तिघांवर पुन्हा मागे-पुढे करायचं का? आणि एक जुना आढावालेख मी वगळलाय, कारण त्यात स्वतःची चाचणी नाही. पण त्याची संदर्भयादी लांबलचक आहे.

श्टुटगार्टकर

तिघांवर कर. आढावालेख वगळलेला आहे, तो सोड. निकषात बसले त्यांच्यावरच फेरी, नाहीतर हे कधी संपणार?

ओंजळ

तिघांवर करायचं हे मान्य. आढावालेखाबाबत मी सहमत नाही. त्याची यादी म्हणजे कुणीतरी आधी केलेला शोध आहे. निकालात तो बसत नसला तरी मागे जायला तोच सर्वात कामाचा. फक्त पुढे येऊ नकोस त्याच्यावरून, आढाव्याला कुणीही उद्धृत करतं आणि यादी फुगते. 2024 मध्ये टार्सिस नावाच्या शिफारशी आल्या आहेत, खास या मागोव्यावर. कुठल्या पेपरांवरून निघालात, कुठल्या दिशेने, कुठल्या साधनाने, कधी, हे सगळं लिहा असा त्यांचा रोख. म्हणजे आढावालेख घेतलास तर घेतला असं लिही, एवढंच.

रिकामटेकडा

आणि प्रिस्मात हे तिघं कुठे घालायचे? डेटाबेसच्याच चौकोनात मिळवले तर काय बिघडतं?

ओंजळ

2020 च्या प्रिस्मात उजवीकडे वेगळा रकाना आहे, इतर मार्गांनी मिळालेल्यांसाठी, आणि त्यात संदर्भमागाची स्वतंत्र ओळ आहे. तिथे जातात.

पण त्या ओळीत आकडा कोणता, यावर आमच्याच दोघा ग्रंथपालांचं एकमत नाही. समजा मागे-पुढे मिळून 90 नोंदी आल्या, त्यातल्या 60 डेटाबेसमधून आधीच होत्या. मी 90 लिहिते आणि खाली 60 डुप्लिकेट असं नोंदवते, कारण किती धुंडाळलं ते दिसतं. माझी सहकारी थेट 30 लिहिते, कारण बाकीचे डाव्या रकान्यात मोजून झालेत. दोन्ही तऱ्हेचे छापून आलेले रिव्ह्यू पाहिलेत.

पालवी

मॅडमना दोन्ही दाखवते. त्यांचा कल 30 कडे असणार, आकृती आटोपशीर दिसते म्हणून. माझ्याकडे कलेक्शन शाबूत आहेत म्हटल्यावर कधीही 90 करता येतील ना?

ओंजळ

येतील. फक्त परीक्षकांचा अभिप्राय येईपर्यंत त्या दोन कलेक्शनना हात लावू नकोस.

मनी_माऊ

बरं, हे झोटेरो एपीएसुद्धा करतं का?

पालवी

करतं गं. सातवी आवृत्ती लागते की सहावी, ते आधी विद्यापीठाला विचार.